दुकान जळालं तर हातात किती येईल? आग आणि घरफोडीच्या विम्याची रक्कम ठरवताना



मागच्या महिन्यात तालुक्याच्या बाजारपेठेतल्या दुकानदार संघटनेने मला त्यांच्या बैठकीत बोलायला बोलावलं होतं. विषय होता दुकानातल्या मालाचा आणि फर्निचरचा विमा. वेळ वीस मिनिटांचा. समोर पन्नासेक दुकानदार, त्यात आपल्या गटांच्या आठ-दहा जणी होत्या. कुणाचं किराणा, कुणाचं कटलरी-स्टेशनरी, कुणाचं साड्यांचं दुकान. मी पहिलाच प्रश्न विचारला, “विमा कुणाकुणाचा आहे?” निम्म्याहून जास्त हात वर आले. मग विचारलं, “किती रकमेचा?” तेव्हा बरेच हात खाली गेले. एका ताईंनी सांगितलं, “बँकेने काढलाय, कितीचा ते त्यांनाच माहीत.”

सगळी गोम इथेच आहे. विमा असणं वेगळं आणि पुरेसा असणं वेगळं. बैठकीत जे बोलले ते जरा सावकाश इथे लिहिते आहे. वही-पेन घेऊन बसा, मध्ये थोडं गणित आहे.

बँकेचा विमा नेमका कुणाला वाचवतो?

समजा, एका ताईने दुकानासाठी बँकेकडून 3 लाखांचं कर्ज घेतलं. दुकानातला माल बँकेकडे तारण. कर्ज देताना बँकेने 3 लाखांचा विमा काढला आणि हप्ता ताईच्याच खात्यातून वळता केला. ताईला वाटलं, झालं, आपला विमा आहे.

पण 3 लाख हा कर्जाचा आकडा आहे, मालाचा नव्हे. ताईच्या दुकानात एरवी 4 लाखांचा माल असतो आणि दिवाळीच्या तोंडावर 6 लाखांचा. आता दिवाळीच्या आधी आठ दिवस शेजारच्या गाळ्यात शॉर्टसर्किट झालं आणि आग हिच्या दुकानात आली. लोकांनी धावपळ करून अर्धं दुकान वाचवलं. जळालेला आणि पाण्याने भिजून वाया गेलेला माल 2 लाखांचा.

ताई म्हणेल, “विमा 3 लाखांचा, नुकसान 2 लाखांचं, म्हणजे 2 लाख मिळायला हवेत.” मिळत नाहीत. विमा कंपनी बघते की आग लागली त्या दिवशी दुकानात एकूण माल कितीचा होता. होता 6 लाखांचा, विमा 3 लाखांचा. म्हणजे ताईने निम्म्याच मालाचा विमा उतरवला होता आणि उरलेल्या निम्म्याची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली होती. म्हणून नुकसानही निम्मंच भरून मिळतं:

2 लाख × 3 लाख ÷ 6 लाख = 1 लाख.

या नियमाला विम्याच्या भाषेत ‘ॲव्हरेज’ म्हणतात. कंपनीने केलेली ही फसवणूक नाही, हा नियम पॉलिसीत लिहिलेलाच असतो. या 1 लाखातून पॉलिसीत लिहिलेली ‘एक्सेस’, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण सोसायची रक्कम, तीही वजा होते.

आता पुढचं ऐका. माल बँकेकडे तारण असल्याने पॉलिसीवर बँकेचं नाव असतं आणि पैसे आधी बँकेकडे जातात. ताईचं कर्ज अजून 1 लाख 40 हजार बाकी आहे. मिळालेले पैसे कर्जात जमा झाले, तरी 40 हजारांचं कर्ज उरलंच. दिवाळीचा माल जळाला, घाऊक व्यापाऱ्याची बिलं द्यायची आहेत आणि ताईच्या हातात एक रुपयाही नाही. बँकेचं कर्ज बऱ्यापैकी सुरक्षित झालं, दुकान नाही.

म्हणून बँकेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा. हप्ता तुमच्या खात्यातून गेला आहे, प्रत मागण्यात संकोच कसला. त्यावर चार गोष्टी बघा: मालाची विमा रक्कम किती, फर्निचर-फिटिंगची वेगळी लिहिली आहे का, दुकानाचा पत्ता बरोबर आहे का आणि मुदत कधी संपते. रक्कम कमी असेल तर ती वाढवून देण्याचा अर्ज बँकेमार्फत किंवा थेट कंपनीकडे करता येतो. वर्षाच्या मध्येही करता येतो, उरलेल्या दिवसांचा जादा हप्ता भरावा लागतो. या बदलाच्या कागदाला ‘एन्डॉर्समेंट’ म्हणतात. तो हातात पडेपर्यंत रक्कम वाढली असं धरू नका.

मालाची रक्कम कशी काढायची

बैठकीत एका दादांनी विचारलं, “वर्षाची सरासरी काढून लिहिली तर?” नको. आग सरासरीच्या दिवशी लागेल असं कुणी सांगितलंय? वर्षात ज्या दिवसांत तुमच्याकडे सर्वांत जास्त माल असतो, ते दिवस धरा. किराणा-कटलरीला दिवाळी, साड्यांना लग्नसराई, वह्या-पुस्तकांना जून. त्या दिवसांतल्या मालाची किंमत ही तुमची विमा रक्कम. वर्षभर तेवढा हप्ता परवडत नसेल, तर हंगाम सुरू होण्याआधी एन्डॉर्समेंट करून रक्कम वाढवा. मात्र ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी लागते. हंगामाच्या गडबडीत हे काम हटकून राहतं, हा माझा अनुभव.

किंमत धरायची ती खरेदीची. पाकिटावर छापलेली नाही आणि विक्रीचीही नाही. 80 रुपयांना आणलेली वस्तू तुम्ही 100 ला विकता, तर विमा 80 चा आणि त्यावर माल दुकानापर्यंत आणण्याचं भाडं, हमाली. न झालेला नफा या विम्यात मिळत नाही. जास्त रक्कम लिहिली म्हणून जास्त भरपाईही मिळत नाही, हप्ता मात्र जास्त जातो.

उधारीही यात येत नाही. वही जळाली आणि गावात 50 हजार अडकले, तर तो माल तुमच्या दुकानातून आधीच गेलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, सगळं जळून खाक झालं तर त्या दिवशी किती माल होता हे कंपनीला कसं कळणार? कळतं. कंपनीचा सर्व्हेअर येतो, तो वह्यांवरून काढतो. आपल्या त्याच ताईचं उदाहरण घेऊ. एप्रिलच्या सुरुवातीला मोजून लिहिलेला माल 3 लाख 80 हजार. तेव्हापासून आगीच्या दिवसापर्यंतची खरेदी बिलं 9 लाख 20 हजारांची. दोन्ही मिळून 13 लाख. त्याच काळातली विक्री 8 लाख 75 हजार. ताईला शंभराच्या विक्रीमागे वीस रुपये सुटतात, म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी किंमत 7 लाख. 13 लाखांतून 7 लाख वजा केले की राहिले 6 लाख. आगीच्या दिवशी दुकानात तेवढा माल असायला हवा होता.

हे गणित दुधारी आहे. विमा कमी असेल तर ते तुमचा कमी विमा उघडा पाडतं. आणि बिलं नसतील, अर्धी खरेदी बिनबिलाची असेल, तर खरोखर असलेला मालही सिद्ध होत नाही. महिन्यातून एकदा मालाची ढोबळ यादी करा. बिलांचे आणि वहीच्या पानांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. वह्या दुकानातच असतात आणि दुकानाबरोबरच जळतात, म्हणून हा खटाटोप.

थोडं कमी पडलं तर

रुपयाला रुपया रक्कम जुळवणं कुणालाच जमत नाही. त्यासाठी एक सोय आहे. 1 एप्रिल 2021 पासून लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे. एका जागेवरची सगळी मालमत्ता मिळून 5 कोटींपर्यंत असेल तर ही चालते, म्हणजे आपल्या सगळ्यांची दुकानं त्यात बसतात. हिच्यात विमा रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ॲव्हरेजची कात्री लागत नाही.

आपल्या ताईने 6 लाखांच्या मालाचा 5 लाख 20 हजारांचा विमा घेतला असता, तर तूट 80 हजारांची, म्हणजे साधारण 13 टक्के. मग 2 लाखांचं नुकसान कात्री न लागता धरलं गेलं असतं. पण तूट 15 टक्क्यांच्या वर गेली की ही सवलत नाही. म्हणून 15 टक्के ही चुकीला ठेवलेली जागा समजा. हप्ता वाचवायला मुद्दाम तेवढं कमी लिहू नका, एखाद्या महिन्यात माल जरा वाढला की तुम्ही रेषेपलीकडे गेलात.

या पॉलिसीला आपण ‘आगीचा विमा’ म्हणतो, पण तिच्यात वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल हेही येतं. नदीकाठच्या गावांतल्या सख्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला बाजारपेठा पाण्यात गेल्या. अशा वेळी भिजलेल्या मालाचा दावा याच पॉलिसीत करायचा असतो. आणि ज्यांना वाटतं की आपण गॅस वापरत नाही, वायरिंग नवं आहे, आपल्याला कशाला, त्यांनी पुण्याच्या कॅम्पातलं फॅशन स्ट्रीट आठवावं. मार्च 2021 मध्ये तिथे एका रात्रीत शेकडो दुकानं जळाली. ओळीने गाळे असले की आपली काळजी आपल्या भिंतीपाशी संपते.

एक फरक सांगून ठेवते, कारण यावरून भांडणं होतात. व्होल्टेज कमीजास्त होऊन फक्त फ्रिजची मोटर जळाली, तर या विम्यात भरपाई नाही. त्या फ्रिजमधून आग पसरून बाकी दुकान जळालं, तर त्या बाकीच्याची आहे.

दुसऱ्याचा माल, दुसरी जागा

हा भाग खास आपल्या गटांसाठी, बाजारातल्या इतर दुकानदारांना त्याची एवढी गरज पडत नाही.

आपल्या बऱ्याच जणींच्या दुकानात इतर गटांचे पापड, मसाले, गोधड्या विक्रीला ठेवलेल्या असतात. विकल्यावर पैसे द्यायचे, अशा बोलीवर. तो माल तुमचा नाही. पॉलिसीत ‘विक्रीसाठी किंवा विश्वासाने ठेवलेला इतरांचा माल’ असं स्पष्ट लिहून घेतलेलं नसेल, तर त्याची भरपाई अडते. जळाला तर दहा गटांच्या बायका तुमच्याच दारात येतील. तेव्हा तो शब्द लिहून घ्या आणि त्या मालाची किंमत एकूण रकमेत धरा. कुणाचं काय, किती ठेवलंय याची वही ठेवा आणि त्या बाईची सही घ्या. थंड पेयांच्या कंपनीने दिलेला फ्रिजही तुमचा नाही. त्याचा विमा कुणी काढायचा ते कंपनीच्या माणसाला विचारून ठेवा.

दुसरं म्हणजे जागा. पॉलिसीवर जो पत्ता, तिथल्याच मालाला विमा. दिवाळीत दुकानात जागा पुरत नाही म्हणून आपण घरच्या मागच्या खोलीत तेलाचे डबे आणि साखरेची पोती रचतो. ती खोली पत्त्यात नसेल तर तो माल विम्याबाहेर. घराचा वेगळा विमा असला तरी उपयोग नाही, कारण त्यात घरसामान येतं, धंद्याचा माल नाही. अर्ज भरतानाच दोन्ही पत्ते द्या. आणि दिवाळीत फटाके ठेवत असाल तर कंपनीला आधी कळवा. न सांगता ठेवलेले फटाके हे दावा नाकारायला पुरेसं कारण होऊ शकतं.

रॅक, काउंटर, शोकेस

इथे बहुतेक जणी रक्कम लिहायलाच विसरतात. माल 6 लाख लिहितात आणि फर्निचरच्या रकान्यात रेघ. रेघ म्हणजे शून्य.

फर्निचर आणि फिटिंगची किंमत जुन्या बिलावरून धरायची नाही. आज तशीच वस्तू नवी करायला किती लागेल ते धरायचं. आठ-दहा वर्षांपूर्वी 18 हजारांत झालेलं काउंटर आज सुताराला विचाराल तर 40 हजार सांगेल. मग 40 हजार लिहा. रॅक, काचेची शोकेस, फ्रिज, वजनकाटा, इन्व्हर्टर, पंखे, वायरिंग, बोर्ड, सगळं फिरून बघत यादी करा. गाळा भाड्याचा असेल तर भिंती-छत मालकाचं, पण तुम्ही स्वखर्चाने केलेलं छताचं काम किंवा बसवलेलं शटर तुमच्या यादीत घ्या.

नव्याची किंमत केव्हा मिळते? वस्तू खरोखर पुन्हा केली तेव्हा. पैसे घेऊन काउंटर केलंच नाही, तर जुनेपणाची घट वजा करून मिळतात.

घरफोडी: कुलूप तुटलं पाहिजे

चोरीचा विमा आगीच्या पॉलिसीत नसतो. आग किंवा पुरानंतर सात दिवसांच्या आत त्याच गोंधळात माल चोरीला गेला, तर तो भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षेत येतो. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचा वेगळा विमा घ्यावा लागतो, किंवा दुकानदारांची एकत्रित ‘पॅकेज’ पॉलिसी, जिच्यात आग आणि घरफोडी हे दोन वेगळे भाग असतात. दोन्ही भागांत रक्कम वेगवेगळी लिहावी लागते.

घरफोडी म्हणजे बळजबरीने आत शिरणं किंवा बाहेर पडणं, आणि त्याची खूण दिसली पाहिजे: तुटलेलं कुलूप, उचकटलेला कोयंडा, वाकवलेलं शटर, काढलेले पत्रे. गिऱ्हाईक बनून आलेल्या बाईने पदराआड साबण नेला, मोजणीत माल कमी भरला, कामावरच्या पोऱ्याने थोडं थोडं नेलं, हे यात बसत नाही. किल्लीने उघडून झालेली चोरीही बहुधा अडकते, म्हणून किल्ली दुकानातच खिळ्याला टांगून जाऊ नका. गल्ल्यातली रोकडही मालात धरली जात नाही, तिचा भाग वेगळा घ्यावा लागतो.

रक्कम किती घ्यायची? आगीत सगळं जातं, पण चोर एका रात्रीत सगळं नेऊ शकत नाही. किराणा दुकानातली पोती कोण उचलणार? तो तुपाचे डबे, सौंदर्यप्रसाधनं, सुकामेवा नेईल. अशा दुकानांसाठी ‘फर्स्ट लॉस’ नावाची पद्धत आहे. एकूण माल 6 लाखांचा आहे असं सांगायचं आणि त्यातला जास्तीत जास्त दीड लाखाचा जाईल म्हणून दीड लाखाचं संरक्षण घ्यायचं. हप्ता कमी बसतो. पण एकूण आकडा खरा सांगायचा. ताईने 6 ऐवजी 4 लाख सांगितले आणि 1 लाख 20 हजारांचा माल गेला, तर इथेही कात्री लागते आणि 80 हजारच मिळतात.

साड्या, मोबाइल किंवा चांदीचे दागिने विकणाऱ्या सख्यांनी मात्र ही पद्धत घेऊ नये. छोटा टेम्पो आणि दोन तास मिळाले तर तुमचं दुकान पूर्ण रिकामं होतं. तुम्ही पूर्ण रकमेचाच घ्या.

घटना घडल्यावर पहिल्या दिवशी

कंपनीला लगेच फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. आगीत अग्निशमन दलाचा अहवाल लागतो, घरफोडीत एफआयआर आणि पंचनामा. पंचनाम्यात ‘कुलूप तुटलेले’, ‘शटर वाकलेले’ हे शब्द आले आहेत का ते सही करण्याआधी वाचा. दाव्याच्या शेवटी पोलिसांचा अंतिम अहवालही मागतात. गुन्हा खरा पण चोर सापडला नाही, अशा वेळी आपल्याकडे ‘अ समरी’ होते, तिची प्रत लागते. त्याला वेळ जातो, तेव्हा पाठपुरावा सोडू नका.

सर्व्हेअर येईपर्यंत जळका माल फेकू नका आणि तुटलेलं कुलूप टाकून देऊ नका. वाचलेला माल भिजणार असेल तर तो हलवा, पण आधी फोटो काढा. आणि यादी करताना आकडा फुगवू नका. वरचं वह्यांचं गणित त्याच्याकडेही असतं, एका खोट्या ओळीने खरा दावाही जातो.

कंपनीने दावा नाकारला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकट्या मालकीच्या दुकानाची आणि सूक्ष्म उद्योगाची तक्रार तिथे घेतात, फी नाही, वकील लागत नाही. आपल्या राज्यात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे ही कार्यालयं आहेत. त्याआधी 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवून बघा.

पुढच्या मासिक बैठकीला दुकान चालवणाऱ्या प्रत्येकीने पॉलिसीची झेरॉक्स आणि हंगामातल्या मालाचा अंदाजे आकडा घेऊन यावं. बँकेला द्यायच्या अर्जाचा नमुना संघाच्या कार्यालयात ठेवला आहे, रक्कम वाढवायची असेल तर तिथेच बसून भरून घेऊ.